वाकड्या घेराचा नमुना

रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बोळात हौसाचं टेलरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, एक गाळा. त्यात दोन मशिनं, कटिंगचं एक टेबल, पडदा लावलेला एक कोपरा आणि समोरच्या भिंतीला टांगलेली एक लाकडी काठी. ही काठी म्हणजे हौसाची अब्रू. तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं खुणा केलेल्या होत्या. गिऱ्हाईक नवा ड्रेस घालून उभं राहिलं की हौसा खाली बसायची, काठी लादीवर उभी धरायची आणि गिऱ्हाइकाभोवती सरकत सरकत घेरावर खडूची खूण करत जायची. एक फेरी पूर्ण झाली की घेर असा सरळ, की बघणाऱ्यानं बघत राहावं.

एकदा एक नवरी मुलगी गाडीत बसायला निघाली होती, तिला हिनं दारातून परत बोलावलं. का, तर मागचा घेर अर्धं बोट खाली होता. मुहूर्त टळेल म्हणून नवरीचा मामा बोंबलत होता आणि ही आपली तोंडात टाचण्या धरून खाली बसलेली. "वाकडा घेर माझ्या दुकानातनं भायेर जाणार नाय," असं ती टाचण्या न काढताच म्हणाली म्हणे. मुहूर्त टळला नाही. पण तेव्हापासून हौसाचं नाव झालं ते झालंच.

हौसा मूळची लांज्याकडची. नवरा मुंबईला नोकरीला, मुलगा त्याच्याजवळ. तीस वर्षांपूर्वी ती एक मशीन घेऊन रत्नागिरीत आली आणि हाताच्या गुणावर उभी राहिली. हातशिलाईला सखू नावाची एक बाई तिच्याकडे यायची. सखू काम चोख करायची आणि तोंडही तसंच चोख चालवायची. दोघींचं दिवसातून तीनदा वाजायचं आणि तिन्ही वेळा चहावर मिटायचं.

अशा या दुकानात श्रावणातल्या एका दुपारी आवडाबाई आली.

आवडाबाईला ओळखत नाही असा माणूस मासळी बाजारात मिळायचा नाही. मूळची बुरोंडीची, लग्न होऊन रत्नागिरीत आली आणि बाजारात तिच्या सासूच्या जागेवर बसली ती चाळीस वर्षं तिथंच. सत्तरी गाठली तरी आवाज खणखणीत. पण गेल्या दिवाळीनंतर धक्क्यावर पाय घसरून ती पडली आणि डावा खांदा जो आखडला तो सुटलाच नाही. तेव्हापासून तिची जागा रिकामी होती, एवढं हौसाच्याही कानावर होतं. ती स्वतः पापलेट घ्यायची ते आवडाबाईकडूनच.

"हौसा, हे बग." उजव्या काखेतलं बोचकं आवडाबाईनं टेबलावर टाकलं. "ह्यो झगा माज्या नातीनं, पूर्वीनं, मुंबैसून पाठवलान. आनि हे माजं नवं लुगडं. दोन वर्सं झाली, घडी मोडली नाय. ह्याचा असाच झगा शिव. फक्त कापड बदल, बाकी काय बदलू नको."

हौसानं झगा उचलला. निळ्या जॉर्जेटचा, लांब, मुंबईच्या दुकानातला. गळा रुंद, होडीसारखा पसरलेला. बाह्या म्हणाव्यात तर बाह्या नव्हत्याच. दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत कापड नुसतं सोडलेलं, खालून उघडं. केप बाही म्हणतात ती ही. हौसानं मासिकात पाहिली होती, शिवली कधी नव्हती. कट एकाच बाजूला, उजवीकडे, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. आणि घेर! उजवीकडे नडगीच्या मध्यावर आणि तिथून उतरत उतरत डावीकडे थेट घोट्यावर. हौसाच्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं झालं.

"काकी, ह्यो झगा तुमी घालता?" तिनं विचारलं.

"घालते तर! पन हे कापड अंगाला चिकाटतं, घाम येतो, खाजवून खाजवून जीव जातो. आनि खवलं चिकाटली तर निघत नाय. मला सुती होया. नारळ दर्यात पडला की दुसऱ्या दिवशी मी माज्या जागेवर बसनार. त्याच्या आदी दे."

नारळी पौर्णिमेला नऊ दिवस होते. हौसानं हो म्हटलं, झगा घडी करून कपाटात ठेवला आणि वहीत लिहिलं: आवडाकाकी, मापाचा कपडा एक.

इथंच घोटाळा झाला, आणि तो हौसाला कळलादेखील नाही.

त्याचं असं आहे, की टेलरकडे बायका जुना कपडा आणून देतात तो मापाला. छाती एवढी, खांदा एवढा, उंची एवढी, हे त्यावरून घ्यायचं आणि बाकी टेलरनं आपल्या हातानं नीट करायचं. जुन्यात जे बिघडलं असेल ते नव्यात सुधारायचं. नाहीतर टेलर हवा कशाला? तीस वर्षं हौसा हेच करत आली होती आणि बायका दुवा देत होत्या. नमुन्याचा कपडा वेगळा. त्याची रेघन् रेघ उतरवायची असते. पण सत्तरीची म्हातारी फॅशनचा नमुना कशाला घेऊन येईल? हौसाच्या मनात ही शंकाही आली नाही.

लुगडं मात्र देखणं होतं. तांबड्या-हिरव्या बारीक चौकटीचं, रुंद काठाचं. हौसानं कापड पाण्यातून काढलं, कारण सुती कापड आधी आटवलं नाही तर पहिल्या धुण्यातच अंगावर आखूड होतं. वाळल्यावर इस्त्री केली आणि टेबलावर दुहेरी घातलं. दुहेरी घडी घालून कापलं की डावी-उजवी एकसारखी येते. कुठलाही टेलर असाच कापतो.

सखू मापाचा झगा हातात धरून उभी होती. "ताई, ह्याची डावी बाजू लांब हाय."

"जॉर्जेट हाय ते. टांगून टांगून उतरतं. ह्याची तिरकी बाजू लोंबली असेल."

"एवडी? वीतभर?"

"मुंबैचा माल तो. आणि ह्या चौकटीवर वाकडा घेर कसला दिसेल ठाऊक हाय? एकेक चौकट बोट दाखवील, बघा बघा, हौसाचा हात वाकडा झाला."

हे मात्र तिनं अगदी बरोबर हेरलं होतं. साध्या निळ्या कापडावर तिरका घेर डोळ्यांना खुपत नाही. चौकटीवर मात्र आडवी रेघ आणि घेर यांची सतत भांडणं दिसतात. शिवाय काठ होता. काठ सरळ असतो, तो सरळ घेरावरच बसतो. तेव्हा घेर काठासकट सरळ आला. कट एकीकडेच होता, तो दुसरीकडचा कुणी शिवून टाकला असेल असं समजून हौसानं दोन्हीकडे दिले, आणि म्हातारं माणूस म्हणून गुडघ्याच्या खालीच थांबवले. बाह्यांचं कापड मात्र मापाप्रमाणे सोडलं. पण खालून अंग दिसेल म्हणून काखेत चार बोटं शिवून बंद केलं. मग तिनं काठी काढली, सखूला झगा घालून उभं केलं आणि तिच्याभोवती फेरी मारली. घेर कसा, ओळंब्यात! तिला फार समाधान वाटलं. आवडाकाकी खूश होईल, या विचारानं तिनं त्या रात्री जेवताना चार घास जास्तच खाल्ले.

नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना आवडाबाई आली. जुना झगा घालूनच आली होती. हौसानं तोवर मापाचा म्हणून तो परत दिलेला होता. नवा झगा बघून म्हातारीनं काठावरून हात फिरवला. "काय गो सुंदर," म्हणाली आणि पडद्याआड गेली.

हौसा कौतुकाची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ झाला. पडदा हलत होता, मध्येच थांबत होता. आतून एकदा कण्हल्याचा आवाज आला.

"काकी, येऊ काय मदतीला?"

"नको!" आवाज इतका तडक आला की सखूच्या हातातली सुई थांबली. मग थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "हौसा, मला नाय येत गो."

हौसानं पडदा सारला. आवडाबाईचं डोकं गळ्यातून बाहेर आलं होतं, उजवा हात बाहेर आला होता, आणि डावा हात आत, काखेत शिवलेल्या त्या चार बोटांच्या मागे अडकला होता. तो वर उचलणं शक्य नव्हतं आणि खालून वाट नव्हती. हौसा पुढे झाली तशी म्हातारी मागे सरली.

"हात लावू नको मला!"

हौसा जागच्या जागी थिजली. आवडाबाई भिंतीला टेकली आणि सावकाश, एकेक शब्द तोडत बोलू लागली.

"पडले तवापासून लुगडं नेसायला येत नाय. कासोटा मारायला दोन हात लागतात. माजी सून, गंगा, लई चांगली, रोज सकाळी नेसवते. पन मी हात वर करून उभी, पोरासारकी. चाळीस वर्सं घर चालवलं मी, हौसा. नि सून कंबरेला गाठ मारते तवा मी भिंतीकडं बगते. बाजारात जायचं तर पाटं चारला उठायला होयं. मी काय तिला रोज चारला उठवू? म्हनून गेलेच नाय." तिनं अंगावरचा झगा ओढून सारखा केला. "मग पूर्वीनं हा झगा पाठवलान. ती कामाला हाय त्या दुकानात उरलेला. घरात सगळी हसली, आज्जी आता फॅशन करनार. मी खोलीत गेले, डोकं घातलं, तर डावा हात आपला त्या पदराखाली आपोआप! कुठं घालायला नाय, कुठं काडायला नाय. आट म्हयन्यांनी मी माज्या हातानं कपडा घातला. म्हनून तुला सांगितलं, काय बदलू नको."

हौसानं कात्री घेतली, विचारलं, "उसवू?" आणि म्हातारीनं मान हलवल्यावर अंगाला हात न लागू देता काखेतली शिवण उसवली. डावा हात सुटला आणि केपखाली लोंबता राहिला.

"आता घेर बगा," हौसा खालच्या आवाजात म्हणाली. आत कुठंतरी तिला अजून आशा होती की निदान घेर तरी आवडेल.

आवडाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, सखूचा पाट ओढला आणि त्यावर बसली. विळीवर बसतात तशी: उजवा गुडघा उभा, पाय पुढं, जणू विळीच्या फळीवर दाबून धरलेला, आणि डावा पाय मांडी घातल्यासारखा जमिनीवर. बसली मात्र, आणि उजवीकडे घेर गुडघ्याला घट्ट आवळला. कट खालीच संपलेला, पुढे उघडायला वावच नव्हता. डावीकडे न मागता दिलेला कट फाकला आणि तिची पोटरी उघडी पडली. उजव्या हातानं ती पोटरी झाकू लागली. ज्या हातानं मासे कापायचे, तोच हात पाय झाकण्यात गुंतला.

"उठा काकी," हौसा म्हणाली. "जुना घाला नि तसंच बसा एकदा."

जुन्या झग्यात आवडाबाई बसली. उजवीकडे आखूड घेर आणि लांब कट. गुडघा सहज वर आला, आतला गुडघ्यापर्यंतचा लेंगा दिसला तेवढाच. डावीकडचा लांब घेर मांडी घातलेल्या पायावर पसरला आणि घोट्यापर्यंत सगळं झाकून गेला. दोन्ही हात मोकळे. एक धड, एक अधू, पण दोन्ही मोकळे.

हौसा बघत राहिली. त्या झग्यातला एकेक वाकडेपणा आपल्या जागी चपखल बसला होता. मुंबईच्या कुणा पोरीनं तो फॅशन म्हणून आखला असेल, पण इथं येऊन तो कामाला लागला होता. आणि आपण तीस वर्षांच्या शहाणपणानं तो सगळा पुसून टाकला. तिला इतकी लाज वाटली की तिनं मान वर केली नाही.

"काकी, माजी चूक झाली. मी मापाला घेतला. तुमी नमुना दिला होतात."

"आता कापड?"

"निम्मं लुगडं शिल्लक हाय. हा झगा मी फुकट जाऊ देणार नाय, पूर्वीला कापून देईन. तुमचा पुन्हा करते. जुना माझ्याजवळ ठेवा."

आवडाबाईनं अंगावरच्या झग्याकडे पाहिलं. हा ठेवला तर चार दिवस पुन्हा गंगेच्या हातून लुगडं नेसायचं. तिनं हौसाकडे पाहिलं. "चुकू नको आता," एवढंच म्हणाली. मग पडद्याआडून मदतीला हाक मारली. सखूनं आपला गाऊन आणला, समोरून बटणांचा, आणि त्यात आवडाबाई घरी गेली. जाताना म्हणाली, "सकू, तुजा घेर तरी सरळ हाय."

त्या दिवशी हौसानं दुसरं कुठलंच काम घेतलं नाही.

निम्मं लुगडं म्हणजे चार मीटर. एकच झगा बसणार, दुसऱ्यांदा चुकायला जागा नाही. पहिलं म्हणजे तिनं झगा टेबलावर न पसरता हँगरला टांगला. जॉर्जेट टांगल्यावर स्वतःच्या वजनानं खाली येतं, सुती कापड तेवढं येत नाही. तेव्हा अंगावर जी उंची दिसायला हवी ती टांगलेल्या झग्यावरूनच घ्यायची. उजवीकडची, पुढची, डावीकडची, मागची आणि त्यांच्या मधल्या चार अशी आठ ठिकाणची उंची तिनं वेगवेगळी लिहिली. तीस वर्षांत तिनं घेराची उंची एकाच आकड्यात लिहिली होती.

मग जुनी वर्तमानपत्रं चिकटवून कागदाचा नमुना काढला. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. दुहेरी घडी नाही. प्रत्येक भाग सुटा, एकेरी कापायचा, कारण डावं-उजवं सारखं नव्हतंच. आणि यात खरा धोका होता. एकेरी कापताना कागद चुकून पालथा पडला की सगळं आरशात दिसतं तसं उलटं येतं. कट डावीकडे, लांबी उजवीकडे. चौकटीच्या कापडाला उलट-सुलट ओळखणं कठीण. म्हणून हौसानं कापडाच्या सुलट बाजूला जागोजागी खडूनं फुल्या मारल्या, कागदावर मोठ्या अक्षरात "आवडाकाकीचा उजवा पाय" असं लिहिलं, आणि तरी खात्री वाटेना तेव्हा सखूला उभं करून तिच्या अंगावर कागद टाचण्यांनी लावला.

"माज्या पोटावर घर विकने हाय लिहिलंय," सखू खाली बघून म्हणाली.

"गप उभी रहा. आता पाटावर बस. उजवा गुडघा वर."

सखू बसली. कागद उजवीकडे फाकला, डावीकडे पसरला. "बसलं गो बाय बरोबर," सखू म्हणाली, आणि या खेपेला दोघींचं वाजलं नाही.

केपनं मात्र रडवलं. पहिल्या झग्यात काखेतल्या शिवणीनं तो दबून राहिला होता; आता नुसता तुकडा धरून बघितला तर तो खांद्यावर कोंबडीच्या पंखासारखा उभाच राहिला. जॉर्जेट पडतं, सुती फुगतं. "लहान कर की," सखू म्हणाली. लहान केला असता तर बसला असता, पण मग हात झाकला गेला नसता. नाही, आकार बदलायचा नाही. हौसानं जुन्या झग्याच्या केपचा धागा बारकाईनं पाहिला. तो उभा-आडवा नव्हताच, तिरका जात होता. उरेब कापलेलं होतं. तसंच कापायचं! आणि लुगड्याला दुकानातली खळ अजून होती, पहिल्या पाण्यात ती पुरती गेली नव्हती. तिनं सगळं कापड पुन्हा कोमट पाण्यात भिजवून चोळून काढलं. खळ गेली तशी ते हाताला मऊ लागलं. उरेब कापलेला केप खांद्यावर ठेवला तर निमूट खाली आला. चौकटी फिरून शंकरपाळ्यांसारख्या झाल्या, ते उलट शोभलं. उरेब कापड लोंबतं म्हणून केप आणि घेर रात्रभर टांगून ठेवले आणि सकाळी त्यांच्या कडा पुन्हा जुन्याशी जुळवून कापल्या.

जुन्या घेराला पिको होता. सुती चौकटीला पिको चार धुण्यांत सुटला असता, आणि तिरक्या घेराला नुसती दुमड घातली की ती चुरगळते. तेव्हा आतून बारीक उरेब पट्टी लावली. बाहेरून काही दिसत नव्हतं. काठ घेरावर लावायचा मोह तिनं गिळला. पण टाकूनही दिला नाही. बळकट काठाची पट्टी कटाच्या आतून लावली आणि कटाच्या टोकाला दुहेरी टाके घातले, कारण रोज गुडघा वर करताना सगळा ताण तिथंच येणार होता.

शेवटी सखूला झगा घालून उभं केलं आणि हौसाचा हात सवयीनं भिंतीवरच्या काठीकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला. समोर चौकटीची एकेक आडवी रेघ घेराला छेदत वाकडी जात होती. हात शिवशिवत होते. "सखू," ती म्हणाली, "ती काठी टेबलाखाली ठेव बघू. मला दिसू देऊ नको."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आवडाबाई आली आणि पडद्याआड गेली. यावेळी हौसा कटिंगच्या टेबलाशीच थांबली. पंधरा मोजायच्या आत पडदा बाजूला झाला. म्हातारी बाहेर आली, पाट स्वतःच ओढला, बसली. उजवा गुडघा वर, डावा झाकलेला. तिनं खोट्या विळीवर खोटा मासा कापला, एकदा, दोनदा. मग तोंड फिरवून केपनं डोळे पुसले. केप त्याही कामाला आला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा पिशवी घेऊन मासळी बाजारात गेली. मासळी घ्यायची असं ती स्वतःला सांगत होती, पण जीव सगळा घेरात अडकला होता. पावसाची उघडीप होती. बाजार नुसता गजबजला होता, दोन महिन्यांनी ताजी मासळी आली होती. आणि आवडाबाई आपल्या जागेवर, विळीवर उजवा पाय दाबून, बांगडे कापत होती. डाव्या हातानं मासा नुसता धरत होती. तेवढं जमत होतं. शेजारी सून गंगा टोपल्या लावत होती. तिनं हौसाला पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाली, "मी पाच वाजता उठले तर सासूबाय तयार होऊन पायरीवर बसलेल्या. म्हनाल्या, उटवलं नाय तुला, चा तेवढा कर."

समोर एक गिऱ्हाईक बाई उभी होती, चांगल्या घरातली. ती आवडाबाईच्या झग्याकडे बघत होती. "अय्या, आजी, तुमचा घेर किती वाकडा शिवलाय! एक बाजू वर, एक खाली. कुठल्या टेलरनं?"

चार बायकांनी माना वळवल्या. नवरीला दारातून परत बोलावणारी हौसा, अर्ध्या बोटासाठी भांडणारी. क्षणभर तिला वाटलं, गर्दीतून मागच्या मागे निघून जावं. आवडाबाईनं तिला पाहिलं होतं. बांगड्याचं डोकं उडवून वाट बघत राहिली.

"मी शिवलाय," हौसा मोठ्यानं म्हणाली. "मापून वाकडा शिवलाय. आठ ठिकाणी मापून."

गिऱ्हाईक बाई गोंधळली. आवडाबाई मात्र असं हसली, की शेजारची तुळसाही हसू लागली. तुळसा आवडाबाईहून दहा वर्षांनी लहान, गेली वीस वर्षं तिच्या शेजारी बसणारी. तिचे गुडघे धरलेले आणि लुगड्याच्या ओच्याला सदा पाणी. ती बराच वेळ झग्याकडे निरखून बघत होती. आता हात पुसत म्हणाली, "हौसाबाय, मला पन असाच एक शिवून द्याल? कापड मी आनते."

"देईन की." हौसानं पिशवीतून फीत काढली. फीत कायम तिच्यासोबत असायचीच. मग काहीतरी आठवून ती थांबली. खाली वाकून तिनं तुळसाच्या पायांकडे नीट पाहिलं.

"आधी मला सांग, तू विळीवर कुठला पाय ठेवतेस?"

"डावा," तुळसा म्हणाली. "का गो?"

"मग तुझा सगळा उलटा," हौसा म्हणाली आणि तिथंच, ओल्या लादीवर, माप घ्यायला बसली.